चौदा क्लिप्स, नाव एकच

पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागात गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात. तिथल्या एका कारखान्यावर आमच्या एका दिग्दर्शिका मैत्रिणीनं बारा मिनिटांचा माहितीपट केला आणि संकलनाचं काम माझ्याकडे आलं. चित्रीकरण पाच दिवसांचं होतं, पण सलग नव्हे. माती मळणं, साचे, रंगकाम, डोळ्यांची आखणी आणि शेवटी टेम्पोत चढणाऱ्या मूर्ती, अशा टप्प्यांसाठी चार महिन्यांत ती मंडळी पाच वेळा गेली. प्रत्येक वेळी दोन कॅमेरे. हार्ड डिस्क माझ्या टेबलावर आली तेव्हा तिच्यात 14 कार्डांवरचं चित्रीकरण होतं, आणि त्यातल्या प्रत्येक कार्डावरच्या पहिल्या क्लिपचं नाव एकच होतं: C0001.MP4.

यात कुणाची चूक नाही. सोनीच्या कॅमेऱ्यात फाइलचा क्रमांक पुढे चालू ठेवायचा की कार्ड फॉरमॅट केल्यावर पुन्हा एकपासून सुरू करायचा, हे सेटिंगमध्ये ठरतं. दोन्ही कॅमेऱ्यांत दुसरा पर्याय निवडलेला होता. म्हणजे माती मळणाऱ्या हातांची क्लिप C0001, डोळे रेखणाऱ्या कुंचल्याची C0001 आणि टेम्पोच्या फाळक्याचीही C0001.

या प्रकाराची धास्ती मला एका जुन्या प्रसंगापासून आहे. कारकीर्दीच्या सुरुवातीला एका कौटुंबिक सोहळ्याचं काम होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी पहिलं कार्ड लॅपटॉपवर उतरवलं, फॉरमॅट करून कॅमेऱ्यात परत दिलं. रात्री दुसरं कार्ड त्याच फोल्डरमध्ये टाकलं. संगणकानं इमानदारीत विचारलं, की या नावाच्या फाइल्स आधीच आहेत, बदलू का? दमलेला होतो. वाटलं, अर्धवट कॉपी झालेल्याच या असणार. ‘बदल’ म्हटलं. सकाळचे विधी गेले. क्लिप्सची संख्या जवळपास तेवढीच दिसत होती, म्हणून ते दोन दिवस लक्षातही आलं नाही. त्या कार्डावर तोवर नवं चित्रीकरण झालेलं असल्यानं डेटा परत मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरनंही हात टेकले. त्या घरच्या लोकांना मी काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो आणि शिकायला येणाऱ्या मुलांनाही तोच आधी सांगतो. फोल्डरनं एवढंच सांगायचं, की ही क्लिप कुठून आली. ती कशाची आहे, चांगली आहे की वाईट, हे फोल्डरनं सांगायचं नाही.

नवशिक्या माणसाची पहिली ओढ नेमकी उलटी असते. तो ‘हात’, ‘मूर्ती’, ‘मुलाखत’, ‘बेस्ट’ असे फोल्डर करतो आणि फाइल्स उचलून त्यात टाकतो. तासाभरात अडतो. काका बोलता बोलता हातानं माती चेपतायत, ही क्लिप मुलाखतीत घालायची की हातांत? दोन्हीकडे हवी असेल तर कॉपी करावी लागते, मग एका क्लिपच्या दोन प्रती होतात आणि संकलनात कुठली वापरली ते कळेनासं होतं. वर ‘बेस्ट’चा अर्थ आठवड्यागणिक बदलतो. क्लिप कुठल्या दिवशी, कुठल्या कॅमेऱ्यातून, कुठल्या कार्डावरून आली, हे मात्र कधीच बदलत नाही.

म्हणून पेणच्या कामाची मांडणी अशी केली:

```
PEN_GANPATI
  01_FOOTAGE
    20240214_D01
      A001
      A002
      B001
    20240320_D02
      A003
      A004
      B002
  02_SOUND
  03_STILLS
  04_PROJECT
  05_EXPORT
```

A म्हणजे मुख्य कॅमेरा, B दुसरा. आकडा कार्डाचा, आणि तो पाचही दिवस पुढे चालत राहतो. कार्ड भौतिकदृष्ट्या तेच असलं, तरी दर वेळी भरून आलं की त्याला नवा क्रमांक मिळतो. त्यामुळे चौदा C0001 आता चौदा पत्त्यांवर राहायला गेल्या. A005 मधली C0007 म्हटलं की ती जगात एकच. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिली, कारण संगणक नावं अक्षरांच्या क्रमानं लावतो. आपल्या सवयीनं 14-02 लिहिलं तर 14 फेब्रुवारीच्या शेजारी 14 जून येऊन बसतो. आकड्याआधीचं शून्यही त्याचसाठी. ते नसेल तर काही प्रोग्रॅममध्ये A10 हा A2 च्या आधी लागतो.

फोल्डरची नावं इंग्रजी लिपीत का, असं मैत्रिणीनं विचारलं. हौसेनं देवनागरी नावं देऊन पाहिली आहेत. माझ्या संगणकावर ती नीट चालतात. ज्या दुसऱ्या स्टुडिओत रंगसंस्कार किंवा ध्वनिमिश्रण व्हायचं, तिथल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कधी चौकोन उमटतात, कधी फाइल सापडतच नाही. नावात जागा सोडत नाही आणि प्रश्नचिन्ह, तिरकी रेघ, विसर्गासारखे दोन टिंब ही चिन्हं टाळतो. विंडोज ती नावात घेतच नाही. मराठी शेरे लिहायला पुढे भरपूर जागा आहे, त्याकडे येतोच.

कार्डावरची फाइल जशी आहे तशी उतरवायची, तिचं नाव बदलायचं नाही, हे पथ्यही यातच येतं. सोनीच्या कार्डावर PRIVATE नावाचा फोल्डर असतो, त्यात M4ROOT, त्यात CLIP, आणि तिथं खरी क्लिप. शेजारी तिची माहिती ठेवणारी छोटी XML फाइल असते. पुष्कळ जण फक्त MP4 उचलून बाकी कचरा म्हणून सोडून देतात. साध्या कॅमेऱ्याच्या बाबतीत तेवढ्यानं निभावतं. पण काही व्यावसायिक कॅमेऱ्यांच्या फाइल्स हा सगळा सांगाडा शाबूत असला तरच उघडतात, आणि एकदा सवय लागली की माणूस तिथंही तेच करतो. अख्खं कार्ड जसंच्या तसं A005 मध्ये ओतावं. जागा थोडी जास्त जाते, डोकं कमी जातं.

जागेचा हिशेब सोपा आहे. आमचं चित्रीकरण सेकंदाला 100 मेगाबिट या दरानं झालं होतं. म्हणजे मिनिटाला साधारण 750 मेगाबाइट आणि तासाला 45 गिगाबाइट. एकूण 11 तास 40 मिनिटांच्या 412 क्लिप्स होत्या, म्हणजे सव्वापाचशे गिगाबाइटच्या आसपास. एक टेराबाइटच्या डिस्कवर हे आरामात मावतं. प्रत दोन डिस्कवर केली. एक माझ्याकडे, दुसरी मैत्रिणीच्या घरी, कारण एकाच कपाटातल्या दोन प्रती चोराला किंवा पावसाच्या पाण्याला एकच असतात. कॉपी माऊसनं ओढून न करता पडताळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरनं केली. ते मूळ फाइलमधल्या सगळ्या डेटावरून एक आकडा काढतं, प्रतीवरूनही काढतं आणि दोन्ही जुळले तरच काम झालं म्हणतं. दुकानदार वही दोनदा टोटल करतो तसं. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही ही सोय आहे, मीडिया पानावर ‘क्लोन टूल’ नावानं. पडताळणी होईपर्यंत कार्ड कॅमेऱ्यात परत जात नाही. फॉरमॅटही मग कॅमेऱ्यातच करायचं.

आता तारीख-वेळेची एक गंमत. फोल्डर लावून झाल्यावर मी दोन्ही कॅमेऱ्यांच्या क्लिप्स वेळेनुसार लावल्या, म्हणजे एकच प्रसंग दोन्ही बाजूंनी शेजारी दिसेल. तिसऱ्या दिवशी B कॅमेरा सरळ तीन तास मागे होता. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवल्यामुळे त्याचं घड्याळ बिनसलं असावं आणि कुणीतरी अंदाजानं लावलं असावं. फोल्डर नुसत्या वेळेच्या भरवशावर लावले असते, तर दुपारची आखणी सकाळच्या चहाबरोबर गेली असती. दिवसाचा फोल्डर हातानं केलेला असल्यानं निभावलं. छायाचित्रकारानं एक चांगली सवय ठेवली होती: दर दिवशी पहिल्या क्लिपमध्ये तो मोबाइलवरचं सेकंदांसह घड्याळ दोन्ही कॅमेऱ्यांना दाखवायचा. तीन तास, चार मिनिटं, अकरा सेकंद, एवढा फरक त्यावरून मिळाला.

टेम्पो भरताना टपावर एक गोप्रोही लावला होता. त्याची नावं आणखी वेगळी. लांब रेकॉर्डिंगचे तो स्वतःच तुकडे करतो, आणि तुकड्याचा क्रमांक क्लिपच्या क्रमांकाच्या आधी लिहितो. म्हणजे GX010042 चा पुढचा भाग GX020042. नावानं लावलं की सगळ्या क्लिप्सचे पहिले तुकडे एकत्र येतात, मग सगळे दुसरे. टेम्पो अर्धा भरतो आणि अचानक पुन्हा रिकामा होतो! शेवटचे चार आकडे सारखे असलेले तुकडे एकामागून एक लावले की झालं.

इथपर्यंतचं काम हमालीचं आणि हिशेबाचं. दर्जाला अजून हात लागलेला नाही.

तो लागतो संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘बिन’मध्ये. या शब्दामागे एक खरी वस्तू आहे. फिल्मच्या काळात संकलनाच्या खोलीत आतून कापडाचं अस्तर लावलेली एक मोठी पेटी असायची आणि तिच्यावर आडव्या पट्टीला खिळ्यांची रांग. कापलेले तुकडे त्या खिळ्यांना लटकवायचे आणि खालचं टोक पेटीत सोडायचं. अस्तर असे ते फिल्मवर ओरखडे पडू नयेत म्हणून. कुठल्या खिळ्याला काय आहे हे साहाय्यकाला तोंडपाठ असावं लागे. वॉल्टर मर्च यांनी आपल्या पुस्तकात दिलेला ‘अपोकॅलिप्स नाऊ’चा हिशेब प्रसिद्ध आहे: 230 तासांहून जास्त चित्रीकरण, आणि पडद्यावर आलेल्या प्रत्येक मिनिटामागे 95 मिनिटं बाहेर राहिलेली. हा चित्रपट 1979 सालचा, म्हणजे हे सगळं हातात धरता येणाऱ्या फिल्मवर. तिथं एखादा तुकडा हरवणं म्हणजे खरोखर हरवणं.

पण त्या पेटीत एक तुकडा एकाच खिळ्याला लटकू शकायचा. संगणकावरच्या बिनला ती अडचण नाही, कारण बिनमध्ये फाइल नसतेच. फाइलकडे बोट दाखवणारी खूण असते. A005 ची C0007 ‘मुलाखत’मध्येही राहते, ‘आखणी’मध्येही आणि ‘हसू’मध्येही, आणि डिस्कवर ती एकदाच असते. फोल्डरमध्ये जी वर्गवारी मी होऊ दिली नाही, ती सगळी इथं हवी तेवढी करावी. इथं क्लिपला वेगळं नाव दिलं तरी डिस्कवरच्या फाइलचं नाव बदलत नाही.

बिन भरायच्या आधी सगळं बघावं लागतं. यात पळवाट नाही. 11 तास 40 मिनिटांचं चित्रीकरण थांबत, लिहीत पाहायला मला तीन दिवस लागले. हे काम दुपटीच्या वेगानं उरकणारे लोक आहेत, आणि निसर्गदृश्यांच्या बाबतीत मीही उरकतो. माणूस बोलत असेल तेव्हा मात्र खऱ्या वेगानंच बघतो, कारण पहिल्यांदा बघताना आपण जवळपास प्रेक्षक असतो. कुठं हसू आलं, कुठं कंटाळा आला, हे त्याच वेळी कळतं. दहाव्यांदा बघताना आपल्याला फक्त जोड दिसतात.

माझ्याकडे तीनच खुणा असतात. हिरवी म्हणजे ही चित्रपटात असणार असं वाटतं. पिवळी म्हणजे काहीतरी आहे पण काहीतरी नडतंय. लाल फक्त तांत्रिक दोषाला: फोकस गेला, आवाज फाटला, कार्ड मध्येच संपलं. बाकीच्यांना काही नाही. एक ते पाच तारे देऊन पाहिले आहेत; तीन आणि चारमधला फरक दुसऱ्या दिवशी मलाच सांगता येईना. आणि खूण कुठलीही असली तरी तिच्याजवळ एक ओळ लिहायची, शक्यतो क्लिपमधल्या मिनिट-सेकंदासह. माहितीपटात ‘टेक’ म्हणजे वेगळी फाइल नसते. चाळीस मिनिटांची मुलाखत ही एकच क्लिप असते आणि तिच्यातली बावीस सेकंदं हवी असतात. अख्ख्या क्लिपला हिरवा रंग देऊन काही सापडत नाही. नेमक्या जागी मार्कर टाकून तिथंच शेरा लिहावा लागतो.

या शेऱ्यांची गंमत मराठीत लिहिणाऱ्यालाच कळेल. पहिल्या दिवशी मी ‘मूर्ती’ लिहिलं, तिसऱ्या दिवशी घाईत ‘मुर्ती’. शोध घेतला तर निम्म्याच क्लिप्स आल्या. संगणकाला दोन्ही वेगळे शब्द. त्याहून वाईट ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांचं. त्यातला अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण आतून अक्षरं निराळी असल्यामुळे एकाच्या शोधात दुसरा सापडेलच असं नाही. ऑफिसचा संगणक आणि घरचा लॅपटॉप यांच्यात मला हा फटका बसला. शेवटी तोडगा असा काढला, की शेरे मनसोक्त मराठीत लिहायचे, पण शोधायचे शब्द वीसच, आधी ठरवून कागदावर लिहिलेले, इंग्रजी लिपीत: HAAT, MATI, SACHA, AAKHANI, HASU, TEMPO. यादी भिंतीवर. एकविसावा शब्द सुचला, तर आधी यादीत घालायचा आणि मग वापरायचा. नाहीतर एका क्लिपवर ‘हात’, दुसरीवर ‘हातांचा क्लोज’, तिसरीवर ‘बोटं’ असं होतं आणि तिन्ही एकत्र कधीच येत नाहीत.

कथाचित्रपटात यातलं बरंचसं काम सेटवरच होऊन येतं. तिथं प्रत्येक टेकच्या आधी कॅमेऱ्यासमोर बोर्ड येतो: सीन 12, शॉट 4, टेक 3. क्लॅपचा आवाज आणि फळ्या मिटल्याची चौकट जुळवली की वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज चित्रावर बसतो. बोर्ड सुरुवातीला द्यायचा राहिला तर टेक संपल्यावर देतात, आणि तो उलटा धरतात, म्हणजे संकलकाला कळावं की हा मागच्या टेकचा आहे. कंटिन्यूइटी बघणारी व्यक्ती प्रत्येक टेकपुढे ओके किंवा एनजी लिहिते आणि त्याचं कारणही. ते कागद आले की क्लिपला 12-4-3 असं नाव देणं, ओके टेक वर काढणं, हे साहाय्यकाचं एका दिवसाचं काम. ते कागद आले नाहीत तर काय होतं, हे कुठल्याही साहाय्यकाला विचारा. मात्र त्याच्या हातात चहा असताना विचारू नका.

पेणला बोर्ड नव्हता, कागदही नव्हते. तिथं टेक कसे शोधले, याचं एकच उदाहरण देतो.

मैत्रिणीनं आखणी करणाऱ्या काकांना एकच प्रश्न तिसऱ्या दिवशी तीन वेळा विचारला होता: डोळे रेखायला बसता तेव्हा मनात काय असतं? पहिलं उत्तर A005 च्या C0007 मध्ये. माझा शेरा: “पिवळी. 01:10 ते 01:52. बोलणं झकास, शेवटी हसतात. मागे कॉम्प्रेसर.” शेजारच्या शेडमध्ये फवारणीनं रंग देणं चालू होतं आणि त्याच्या कॉम्प्रेसरची घरघर सगळ्या वाक्यांखाली पसरली होती. मग त्यांनी कॉम्प्रेसर बंद करायला लावून पुन्हा विचारलं. ते C0011: “पिवळी. 00:40 ते 01:30. आवाज स्वच्छ. बोलणं पाठ केल्यासारखं.” एकदा मनापासून सांगितलेली गोष्ट माणूस दुसऱ्यांदा सांगताना भाषण देतो. त्यात काकांचा दोष नाही. तिसरं उत्तर हे उत्तरच नव्हतं. A006 च्या C0003 मध्ये ते नव्या मुलाला कुंचला कसा धरायचा ते दाखवतायत आणि जाता जाता तेच बोलून जातात. “हिरवी. 04:20 ते 05:05. कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.”

पहिला कच्चा आराखडा मी तिसऱ्यावर उभा केला. मैत्रिणीनं पाहिला, मान डोलावली आणि म्हणाली, “सगळं ठीक आहे रे, पण ते हसतात ते कुठंय?” तिला क्लिप क्रमांक आठवत नव्हता, दिवसही नाही. HASU शोधलं, तीन क्लिप्स आल्या, दुसरी तीच. आणि शेऱ्यात ती पिवळी का होती ते लिहिलेलं होतं: कॉम्प्रेसर. नुसता पिवळा रंग असता तर मी म्हणालो असतो, त्यात काहीतरी गडबड होती, राहू दे. कारण समोर दिसलं आणि उपायही दिसला. काकांच्या वाक्याआधी फवारणीच्या पिस्तुलाचा, कॉम्प्रेसरचा चार सेकंदांचा शॉट लावला. SPRAY या शब्दावर असे नऊ शॉट होतेच. आता ती घरघर प्रेक्षकाला दोष वाटत नाही, शेजारी काम चाललंय असं वाटतं. चित्रपटात पहिलंच उत्तर आहे. हिरवं उत्तर बाहेर राहिलं.

म्हणूनच डिस्कवरून मी काहीही पुसत नाही, लाल क्लिपसुद्धा. चौथ्या दिवशी A008 ची C0014 ही तशी वायाच गेलेली क्लिप. छायाचित्रकार फोकस जुळवत होता, कॅमेरा हलतोय, शेवटची नऊ सेकंदं मात्र नकळत स्थिर झाली आहेत. त्या नऊ सेकंदांत काका रेखलेल्या डोळ्यावरची धूळ हलक्या फुंकरीनं उडवतात. कॅमेरा चालू आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी लाल खूण केली होती, पण पुढे लिहिलं होतं, “शेवटी फुंकर, 00:31 पासून.” चित्रपट त्या फुंकरीवर संपतो.

या पद्धतीचा अतिरेकही होतो, तो मी केलेला आहे. एका कामात बिनच्या आत बिन असं चार पातळ्यांपर्यंत नेलं आणि मग प्रत्येक शॉटसाठी चार दारं उघडत बसलो. आता सत्तर-ऐंशी क्लिप्स एका बिनमध्ये असल्या तरी चालतं. छोट्या चित्रांवरून नजर फिरवली की हवी ती दिसते, आणि वर्गवारीत अडकलेल्या माणसाला न दिसणारी शेजारचीही दिसते. डिस्कवरच्या फोल्डरांचंही तेच. विंडोजमध्ये फाइलचा पत्ता 260 अक्षरांच्या पुढे गेला, की बरेच प्रोग्रॅम ती फाइल उघडायला नकार देतात, आणि सोनीच्या कार्डाचा सांगाडाच आधी काही अक्षरं खातो. भाचीच्या बारशाचे चाळीस तुकडे जोडायचे असतील तर यातलं काही करू नका. तारखेचा एक फोल्डर, दोन प्रती आणि हवेत त्यांना हिरवी खूण, एवढं पुरे.

पेणचा चित्रपट बारा मिनिटांचा झाला. त्यात 143 शॉट आहेत, आणि त्यातल्या 31 शॉटना पहिल्या पाहणीत मी हिरवी खूण केलेली नव्हती.